बीटा ०.४१ की १.१? कमी उलाढालीच्या एका शेअरचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातली वाहनांसाठी कास्टिंग बनवणारी एक कंपनी. शेअर बाजारात नोंदलेली, पण लहान. प्रवर्तक कुटुंबाकडे ७१ टक्के शेअर, त्यामुळे बाजारात फिरणारे शेअर थोडे आणि रोजची उलाढाल त्याहून थोडी. कुटुंबातल्या दोन भावांनी वेगळे व्हायचे ठरवले. धाकटा आपला हिस्सा थोरल्याला विकणार होता. बाजारातल्या भावावर दोघांचाही विश्वास नव्हता, कारण पाचशे शेअरच्या एका ऑर्डरनेही तो हलायचा. म्हणून दोघांनी मिळून एका मूल्यांकन कार्यालयाला काम दिले: भविष्यातल्या रोकड प्रवाहावरून कंपनीचे मूल्य काढून द्या.

अशा मूल्यांकनात भागधारकाला किती परतावा अपेक्षित आहे हा दर लागतो. तो काढायचे नेहमीचे सूत्र म्हणजे जोखीममुक्त दर अधिक बीटा गुणिले बाजाराचे जोखीम-अधिमूल्य, म्हणजे जोखीममुक्त दरापेक्षा बाजाराकडून जितका जास्त परतावा अपेक्षित असतो तो. पहिला आकडा दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरून घेतला, ७.१ टक्के. तिसरा कार्यालयाने आपल्या सर्वच कामांसाठी ७ टक्के धरला होता. उरला बीटा, म्हणजे बाजाराबरोबर शेअर किती हलतो ते सांगणारा आकडा, आणि सगळा वाद त्याच्याभोवती झाला.

ओळख झाकण्यासाठी कंपनीचे आकडे गोल केले आहेत आणि थोडे बदलले आहेत. निफ्टीचे आकडे आहेत तसेच आहेत. हिस्सा हस्तांतराच्या कायदेशीर बाजूत इथे शिरलेलो नाही.

पहिला आकडा

कार्यालयातल्या सहायकाने एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या पाच वर्षांचे रोजचे बंद भाव उतरवले, साधारण १,२४० दिवसांचे. शेजारच्या रकान्यात निफ्टी ५० चे बंद आकडे घेतले. दोन्हींचे रोजचे टक्केवारी परतावे काढले आणि शेअरच्या परताव्याचे बाजाराच्या परताव्यावर रिग्रेशन केले. म्हणजे आडव्या अक्षावर निफ्टी, उभ्या अक्षावर शेअर, आणि १,२४० ठिपक्यांमधून कमीत कमी वर्गांची रेषा. रेषेचा उतार हा बीटा: बाजार एक टक्का हलला तर शेअर सरासरी किती हलतो. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो अल्फा: बाजार जागचा हलला नाही तरी शेअर सरासरी किती देतो.

उत्तर आले ते असे: बीटा ०.४१, त्याची मानक त्रुटी ०.०७, अल्फा रोज ०.०४ टक्के, आणि आर-स्क्वेअर, म्हणजे शेअरच्या चढउतारातला बाजारामुळे उलगडणारा हिस्सा, ०.०३.

सूत्रात घातल्यावर अपेक्षित परतावा ७.१ + ०.४१ × ७, म्हणजे जवळजवळ १० टक्के. सहायकाच्या दृष्टीने काम झाले होते. मानक त्रुटी बीटाच्या सहाव्या भागाइतकीच होती, म्हणजे आकडा पक्का दिसत होता.

शंका कुठे आली

प्रमुख मूल्यांकनकार बाईंनी बीटाकडे न बघता आधी कंपनीचा ताळेबंद उघडला. कंपनीचे बँकेचे मुदत कर्ज १०.४ टक्क्यांनी चालू होते. यंत्रसामग्री तारण घेऊन, पहिला हक्क राखून बँक १०.४ टक्के मागते, आणि सगळ्यांची देणी भागल्यावर उरेल ते घेणारा भागधारक १० टक्क्यांवर समाधानी राहतो, हे होणे नाही. शिवाय धंदा कुठला? ट्रक आणि ट्रॅक्टरची मागणी आटली की कास्टिंगच्या ऑर्डरी सर्वांत आधी कापल्या जातात. अशा धंद्याचा शेअर बाजाराच्या निम्म्यानेही हलत नाही, ही गोष्ट पटण्यासारखी नव्हती.

बाईंनी सहायकाला एवढेच विचारले, "हा शेअर रोज व्यवहारात असतो का?" त्याने तपासून सांगितले की १,२४० पैकी १६३ दिवशी बंद भाव आदल्या दिवशीइतकाच आहे, एक पैसाही इकडे-तिकडे नाही. निफ्टीच्या बाबतीत असा एकही दिवस नव्हता.

फरक किती रकमेचा होता ते साध्या उदाहरणाने कळते. पुढल्या वर्षी भागधारकांसाठी २४ कोटी रुपये उरतील आणि ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जातील असे धरले, तर १० टक्के दराने मूल्य येते २४ ÷ ०.०५, म्हणजे ४८० कोटी. बीटा १.१ असेल तर दर १४.८ टक्के आणि मूल्य २४ ÷ ०.०९८, म्हणजे २४५ कोटी. विकणाऱ्याला पहिला आकडा हवा असणार, घेणाऱ्याला दुसरा.

भाव-मालिकेतली चूक

बीटाच्या मुख्य प्रश्नाकडे वळण्याआधी मालिका ओळीओळीने तपासली गेली आणि एक वेगळीच चूक सापडली. २०२२ मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला होता. त्या दिवशी भाव ४१२ वरून २०७ वर आला. भागधारकाचे काहीच गेले नव्हते, शेअर दुप्पट झाले होते. पण उतरवलेले भाव बोनससाठी जुळवून घेतलेले नव्हते, त्यामुळे परताव्याच्या रकान्यात त्या दिवशी उणे ४९.८ टक्के असा आकडा बसला होता. खरा परतावा होता अधिक अर्धा टक्का. आधीचे सगळे भाव दोनने भागल्यावर ही चूक गेली.

या चुकीने केलेले नुकसान बघण्यासारखे आहे. बीटा ०.४१ चा फक्त ०.४४ झाला, कारण त्या दिवशी निफ्टी जेमतेम ०.९ टक्के हलला होता आणि रेषेच्या उतारावर मध्याजवळच्या ठिपक्याचे वजन फार नसते. अल्फा मात्र रोज ०.०४ वरून ०.०८ टक्के झाला, म्हणजे दुप्पट. हिशेब सरळ आहे: ५० टक्क्यांची खोटी घसरण १,२४० दिवसांत वाटली की रोज ०.०४ टक्के, वर्षाला १० टक्के. उतार जवळपास शाबूत राहतो आणि छेद पार बिघडतो, त्यामुळे केवळ बीटा बघणाऱ्याच्या ही चूक लक्षातही येत नाही. परताव्याच्या रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा काढून बघणे, एवढ्याने ती सापडली असती. शेअरची दैनंदिन मर्यादा ५ टक्के असताना उणे ५० टक्के हा परतावा व्यवहारातून येऊच शकत नाही.

खरा दोष: शिळा भाव

बोनस दुरुस्त करूनही बीटा ०.४४ च राहिला. म्हणजे दोष आकडे उतरवण्यात नव्हता, खुद्द बंद भावाच्या अर्थात होता.

राष्ट्रीय शेअर बाजारात त्या काळात बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी. त्या अर्ध्या तासात व्यवहारच झाला नसेल तर दिवसातला शेवटचा व्यवहार ज्या भावाला झाला तोच बंद भाव म्हणून नोंदला जायचा. या शेअरमध्ये शेवटचा व्यवहार कधी सकाळी अकराला झालेला असे. दुपारी बातमी आली, निफ्टी दीड टक्का पडला, तरी शेअरचा नोंदलेला भाव सकाळचाच. घसरण दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी दिसणार, आणि तोवर रिग्रेशनमध्ये ती भलत्याच दिवसाच्या निफ्टीशी जोडली जाणार. शेअर बाजाराला प्रतिसाद देत होता, फक्त उशिरा. एकाच दिवसाची जोडी लावणाऱ्या रेषेला उशिरा आलेला प्रतिसाद दिसत नाही, म्हणून उतार खाली ओढला जातो.

याला सर्किटची, म्हणजे त्याच ५ टक्क्यांच्या दैनंदिन मर्यादेची, जोड मिळाली. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी जवळजवळ १३ टक्के पडला. हा शेअर ५ टक्क्यांवर खालच्या सर्किटला अडकला, खरेदीदारच नाही. रेषेने त्यातून काय वाचले? बाजार १३ पडला, शेअर ५ पडला, म्हणजे शेअर मोठा धीराचा. दुसऱ्या दिवशी निफ्टी अडीच टक्के वर गेला आणि शेअर राहिलेली घसरण भरत पुन्हा खालच्या सर्किटला. म्हणजे बाजार वर, शेअर खाली. रिग्रेशनमध्ये ठिपक्याचे वजन सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गाइतके असते, त्यामुळे १,२४० दिवसांपैकी त्या एकट्या २३ मार्चचे वजन एकूण वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते.

मग ती लहानशी मानक त्रुटी, ०.०७? ती खरीच होती. पण मानक त्रुटी सांगते नमुन्यातल्या योगायोगाने आकडा किती हलेल ते. मोजण्याची पद्धतच एका बाजूला झुकलेली असेल तर ते तिला कळत नाही. रोजचे आकडे घेतल्याने ठिपके वाढले, त्रुटी आकसली, आणि चुकीचा आकडा अधिक ठामपणे समोर आला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कालावधी लांबवण्याचा. आठवड्याचे किंवा महिन्याचे परतावे घेतले की एक-दोन दिवसांचा उशीर त्याच खिडकीत सामावतो. आठवड्याच्या २६१ जोड्यांवर बीटा ०.८६ आला, मानक त्रुटी ०.१४. महिन्याच्या ६० जोड्यांवर १.२४, मानक त्रुटी ०.३१, आर-स्क्वेअर ०.२२. खिडकी जसजशी रुंद होते तसतसा बीटा चढत जातो, हीच शिळ्या भावाची खूण. रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या मोठ्या शेअरमध्ये असा सलग चढ सहसा दिसत नाही.

दुसरा पर्याय रोजचेच आकडे ठेवून उशीर उघडपणे मोजण्याचा. १९७९ मध्ये डिमसन यांनी मांडलेली ही पद्धत: शेअरच्या आजच्या परताव्याचे रिग्रेशन आजच्या निफ्टीवर, कालच्या, परवाच्या, असे मागे जात करायचे आणि सगळ्या उतारांची बेरीज घ्यायची. पाच दिवस मागे गेल्यावर उतार आले ०.४२, ०.२७, ०.१८, ०.११, ०.०९ आणि ०.०४. बेरीज १.११. या सहा आकड्यांत सगळे प्रकरण आहे. बाजाराच्या हालचालीला शेअर त्याच दिवशी जेमतेम दोन पंचमांश प्रतिसाद देत होता आणि उरलेला पुढच्या आठवडाभरात.

तिसरा पर्याय या शेअरचा बीटा बाजूला ठेवून धंद्याचा बीटा घेण्याचा. कास्टिंग आणि फोर्जिंगमधल्या, चांगली उलाढाल असलेल्या सहा कंपन्यांचे महिन्याचे बीटा काढायचे, प्रत्येकातून तिच्या कर्जाचा परिणाम वजा करायचा, मध्यक घ्यायचा आणि मग आपल्या कंपनीचे कर्ज परत त्यात घालायचे. कर्जमुक्त बीटाचा मध्यक आला ०.८६. कंपनीचे कर्ज-भांडवल प्रमाण ०.३५ आणि कराचा दर २५.१७ टक्के, म्हणून ०.८६ × (१ + ०.७४८३ × ०.३५) = १.०९.

चौथा पर्यायही सहायकाने सुचवला: निफ्टी ५० ऐवजी स्मॉलकॅप निर्देशांक घ्यावा, आर-स्क्वेअर वाढेल. वाढला असता, यात शंका नाही. पण सूत्रातले ७ टक्क्यांचे अधिमूल्य व्यापक बाजारासाठी धरलेले आहे. बीटा एका मापाने मोजायचा आणि गुणायचा दुसऱ्या मापाच्या अधिमूल्याने, हे चालत नाही. स्मॉलकॅप शेअरचा स्मॉलकॅप निर्देशांकावरचा बीटा एकच्या जवळ आला तर त्यातून इतकेच कळते की तो इतर लहान शेअरांसारखा आहे. पर्याय नाकारला, आणि ते योग्यच झाले.

महिन्याचे रिग्रेशन कसे केले

महिन्याचा आकडा अहवालात जाणार होता, म्हणून तो नव्याने बांधला. शेअरचा महिनाअखेरचा जुळवलेला भाव, त्यात त्या महिन्यात लाभांशाची तारीख येत असेल तर लाभांश मिळवून परतावा. बाजारासाठी निफ्टी ५० चा एकूण परतावा निर्देशांक, म्हणजे ज्यात लाभांश धरलेला असतो तो. दोन्हीकडे लाभांश घ्या किंवा दोन्हीकडे सोडा. एकीकडे घेतला आणि दुसरीकडे सोडला तर फरक अल्फात जाऊन बसतो. मग दोन्ही परताव्यांतून ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा त्या महिन्याचा दर भागिले १२ वजा केला. पाच वर्षांसाठी एकच सरासरी दर वापरला नाही, कारण हा दर २०२०-२१ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता आणि २०२३-२४ मध्ये सातच्या जवळ.

E रकान्यात शेअरचा अतिरिक्त परतावा, F रकान्यात निफ्टीचा, ओळी ३ ते ६२:

```
=SLOPE(E3:E62, F3:F62)
=INTERCEPT(E3:E62, F3:F62)
=RSQ(E3:E62, F3:F62)
=LINEST(E3:E62, F3:F62, TRUE, TRUE)
```

पहिल्या तिघांतून बीटा, अल्फा आणि आर-स्क्वेअर मिळतात. शेवटच्या सूत्राच्या दुसऱ्या ओळीत आधी बीटाची आणि मग अल्फाची मानक त्रुटी येते. SLOPE मध्ये शेअर आधी आणि बाजार नंतर, हा क्रम उलटला तर सूत्र तक्रार करत नाही, मुकाट्याने दुसरीच रेषा देते. या प्रकरणात उलट क्रमाने ०.१८ आला असता. ओळखायची रीत अशी की सरळ आणि उलट उताराचा गुणाकार आर-स्क्वेअरइतका येतो: १.२४ × ०.१८ = ०.२२. दुसरी हमखास चूक ओळी सरकण्याची. शेअरच्या यादीत एखादा दिवस गळलेला असेल आणि दोन याद्या तारखेने न जोडता नुसत्या शेजारी चिकटवल्या तर तिथून पुढे सगळ्या जोड्या चुकतात आणि रोजचा बीटा शून्याकडे जातो.

मार्च २०२० चे काय करायचे

महिन्याच्या ठिपक्यांचा आलेख काढल्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका एकटाच पडलेला दिसला: मार्च २०२०, निफ्टी उणे २३ टक्के, शेअर उणे ३८ टक्के. एप्रिल २०२० वरच्या बाजूला, निफ्टी अधिक १४.७, शेअर अधिक २१. निफ्टीच्या ६० महिन्यांतल्या चढउताराचे एकूण वजन मोजले तर एकट्या मार्चचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त, आणि दोन्ही महिने मिळून जवळपास निम्मा. साठ महिन्यांचा बीटा म्हणतो खरे, पण त्याचा अर्धा भार दोन महिन्यांनी वाहिलेला.

ते दोन काढल्यावर बीटा १.२४ वरून ०.९४ वर आला आणि मानक त्रुटी ०.३१ वरून ०.४१ वर गेली.

इथे मतभेद झाला. सहायकाचे म्हणणे, अशी महासाथ पुन्हा पुन्हा येत नाही, काढून टाकावे. बाईंनी नकार दिला. बोनसचा ठिपका दुरुस्त केला कारण ती मोजणीची चूक होती. मार्च २०२० मध्ये भागधारकाचे ३८ टक्के खरोखर गेले होते. भागधारक ज्या जोखमीसाठी मोबदला मागतो ती हीच, बाजार कोसळताना आपला शेअर किती कोसळतो. खऱ्या घटनेला चूक म्हणून वगळायला सुरुवात केली की मग हवा तो बीटा मिळवता येतो. दोन्ही आकडे अहवालात द्यायचे आणि मुख्य आकड्यात ते महिने ठेवायचे, असे ठरले.

बीटाचा निर्णय

हातात होते: महिन्याचा १.२४, डिमसन पद्धतीने १.११, धंद्याचा १.०९. महिन्याच्या आकड्याभोवती दोन मानक त्रुटींचा पट्टा काढला तर तो ०.६२ ते १.८६ इतका रुंद आहे. तिन्ही आकडे त्यात सहज बसतात, आणि १.२४ व १.०९ मधला फरक हा फरक म्हणण्याच्याही लायक नाही. ०.४१ मात्र पट्ट्याबाहेर पडतो.

इतक्या रुंद पट्ट्यातला आकडा जसाच्या तसा वापरायचा नाही, ही जुनी रीत आहे. सत्तरीच्या दशकात ब्लूम यांनी दाखवले की मोजलेले बीटा पुढच्या काळात एककडे सरकतात. त्यावरून दोन तृतीयांश वजन मोजलेल्या बीटाला आणि एक तृतीयांश एकला देण्याची पद्धत पडली: ०.६७ × १.२४ + ०.३३ = १.१६. शेवटी १.१ हा आकडा आणि १.० ते १.२ हा पट्टा ठरला. दुसरे दशांश स्थळ मुद्दाम सोडले. ज्या आकड्याची त्रुटी ०.३ आहे तो १.१२ की १.१३ यावर बोलणे म्हणजे वजनकाटा किलोचा आणि हिशेब ग्रॅमचा.

अल्फाचा वाद

मसुदा गेल्यावर धाकट्या भावाच्या सल्लागाराने वेगळीच बाजू काढली. बीटा तुम्ही म्हणाल तो, पण अल्फा धन आहे ना? महिन्याला ०.९ टक्के, वर्षाला जवळजवळ ११. बाजारापेक्षा वर्षाला ११ टक्के जास्त देणारी कंपनी आहे, मग अपेक्षित परताव्याचा दर त्या प्रमाणात कमी करा किंवा मूल्यावर अधिमूल्य द्या.

उत्तराचा पहिला भाग मानक त्रुटीचा. अल्फा ०.९, त्याची मानक त्रुटी १.६. म्हणजे खरा अल्फा महिन्याला उणे २.३ पासून अधिक ४.१ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि शून्य त्या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध आहे. बीटापेक्षा अल्फा मोजणे कठीण असते त्याचे कारण साधे आहे. बीटा ठरतो शेअर आणि बाजार एकत्र किती हलले यावरून. अल्फा ठरतो सरासरीवरून, आणि महिन्याला १४ टक्क्यांनी वरखाली होणाऱ्या शेअरची सरासरी ६० महिन्यांत नीट बसतच नाही. अल्फा खरोखर ०.९ असता तरी तो दोन मानक त्रुटींइतका ठळक दिसायला साठच्या जागी साडेसातशेच्या वर महिने लागले असते, म्हणजे साठ-पासष्ट वर्षे. या कंपनीला तेवढे वय नाही.

दुसरा भाग अल्फा कशातून आला याचा. याच शेअरचा वार्षिक अल्फा या एका कामात १०, २० आणि ११ टक्के असा तीन वेळा बदलला होता: बोनस न जुळवता १०, जुळवून २०, आणि महिन्याचे अतिरिक्त परतावे घेतल्यावर ११. कंपनी तीच, पाच वर्षेही तीच. मधल्या आकड्याचा काही भाग तर निव्वळ मांडणीचा होता. परताव्यातून जोखीममुक्त दर वजा न करता रिग्रेशन केले की छेदात जोखीममुक्त दर × (१ − बीटा) एवढा भाग आपोआप शिरतो. बीटा ०.४४ आणि दर वर्षाला ५.२ टक्के धरला तर हे २.९ टक्के होतात. कंपनीने काही केले म्हणून ते आलेले नाहीत. बीटा कमी मोजला गेला की बाजाराच्या तेजीचा न मोजलेला हिस्साही अल्फातच जमा होतो, आणि ही पाच वर्षे तेजीची होती.

तिसरा भाग तत्त्वाचा. रिग्रेशनचा अल्फा म्हणजे झालेल्या काळातला, जोखमीने न उलगडणारा परतावा. अपेक्षित परताव्याच्या सूत्रात त्याला जागा नाही. कंपनी खरोखर चांगली चालत असेल तर ते रोकड प्रवाहाच्या अंदाजात दिसायला हवे, आणि तिथे ते आधीच धरले होते. दरातही धरले असते तर एकच गुण दोनदा मोजला गेला असता.

निष्पत्ती

अहवाल १.१ बीटा आणि १४.८ टक्के दराने गेला, सोबत १.० आणि १.२ ची मूल्ये. धाकट्या भावाने हरकत लेखी नोंदवली. तिच्यातला एक मुद्दा वजनदार होता: पहिला आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा आला तेव्हा तुम्ही पद्धत बदलली, घेणाऱ्याच्या सोयीचा आला असता तर बदलली असती का? कार्यालयाने उत्तरात रोजच्या आकड्यापासून डिमसनच्या सहा उतारांपर्यंतचे सगळे तक्ते जोडले आणि मुदत कर्जाच्या दराशी केलेली तुलनाही. शेवटी दोघांनी १.० बीटाच्या मूल्यावर, म्हणजे पट्ट्याच्या विकणाऱ्याला सोयीच्या टोकावर, सही केली.

काय वेगळे करता आले असते

हरकतीतला तो मुद्दा टाळता आला असता. रोजचे की महिन्याचे परतावे, कुठला निर्देशांक, किती वर्षे, शिळ्या भावाची कसोटी कुठली, हे सगळे रिग्रेशन चालवण्याआधी एका पानावर लिहून दोन्ही भावांना पाठवायला हवे होते. न बदललेल्या भावाचे दिवस मोजायला पाच मिनिटे लागतात. ते १० टक्क्यांहून जास्त असतील तर रोजचा बीटा काढायचाच नाही, असा नियम आधी लिहिलेला असता तर ०.४१ हा आकडा कागदावर आलाच नसता आणि कुणाच्या मनात बसलाही नसता.

दुसरी उणीव कर्जाची. पाच वर्षांच्या सुरुवातीला कंपनीचे कर्ज-भांडवल प्रमाण ०.८ होते, शेवटी ०.३५. रिग्रेशनचा १.२४ हा त्या सगळ्या काळाच्या सरासरी कर्जाचा बीटा आहे, आजच्या कर्जाचा नव्हे, आणि अहवालात तो तसाच इतरांशेजारी ठेवला गेला. सरासरी प्रमाण ०.६ धरून आधी कर्ज काढले तर १.२४ चा कर्जमुक्त बीटा ०.८६ होतो, आणि ०.३५ चे कर्ज परत घातल्यावर १.०८. हा हिशेब काम संपल्यावर कुणीतरी केला. १.१ बदलला नसता, पण १.२४ आणि १.०९ मधली दरी, जिच्यावर दोन बैठका गेल्या, बहुतांश कर्जानेच पडलेली होती हे पहिल्याच बैठकीत दाखवता आले असते.